दारातून जाताना कपाट एका फ्रेमपुरतं गायब: चूक बेकची की क्वेरीची, हे कसं ओळखायचं

तक्रार साधारण अशी असते. इमारतीच्या आतली लेव्हल आहे, खोल्या सामानाने भरलेल्या आहेत. खेळाडू कॉरिडॉरमधून धावत जातो, उघड्या दारासमोरून जाताना आतलं कपाट क्षणभर दिसत नाही आणि मग झपकन उमटतं. कोणीतरी सुचवतं की व्हिजिबिलिटी बेक करून टाका, म्हणजे कुठून काय दिसतं ते आधीच मोजून ठेवा. रात्रभर बिल्ड चालतो, सकाळी खेळून पाहावं तर कपाट अजून लुकलुकतंच आहे, आणि वर एक नवी भानगड: दुसऱ्या एका खोलीतल्या दोन खाटा कायमच्याच नाहीशा झाल्या आहेत. माझ्या प्रोजेक्टमध्ये हे दुखणं तीनदा उलटलं. पहिल्या दोन वेळा मी चुकीच्या ठिकाणी औषध लावत होतो.

खालचं सगळं अनरियल इंजिनबद्दल आहे, कारण बेक केलेली दृश्यता आणि हार्डवेअर क्वेरी, म्हणजे खेळतानाच जीपीयूला ‘ही वस्तू झाकली आहे का’ असं विचारणं, या दोन्ही गोष्टी त्यात एकाच वेळी चालू असू शकतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. अनरियल ४ वापरत असाल, किंवा अनरियल ५ मध्ये नॅनाइट नसलेले मेश असतील, तर हे तुमच्या कामाचं आहे. नॅनाइटचे मेश आपलं कलिंग जीपीयूवर स्वतंत्रपणे करतात. आधी मागच्या फ्रेमच्या डेप्थवरून छाटणी होते आणि छाटलेल्यांची त्याच फ्रेममध्ये पुन्हा तपासणी होते. त्यामुळे कपाट उशिरा उमटण्याचा हा प्रकार त्यांच्या बाबतीत होत नाही.

## एकाखाली एक दोन चाळण्या

बेकची कल्पना जुनी आहे. १९९६ च्या क्वेकमध्येही लेव्हलच्या प्रत्येक भागातून कोणते भाग दिसू शकतात याची यादी आधीच काढून ठेवलेली असायची. अनरियलमध्ये तुम्ही `Precomputed Visibility Volume` ठेवता आणि `World Settings` मध्ये `Precompute Visibility` चालू करता. मग लाइटिंग बिल्डच्या वेळी लाइटमास चालण्याच्या जागांवर चौकोनी सेल मांडतो आणि प्रत्येक सेलमधून कोणते स्थिर मेश दिसू शकतात ते किरणांच्या नमुन्यांवरून ठरवून साठवतो. खेळताना फक्त कॅमेरा कोणत्या सेलमध्ये आहे हे पाहून यादी वाचायची. इथे उशीर अजिबात नाही, कारण यादी पूर्ण सेलसाठी काढलेली असते आणि कॅमेरा सेलमध्ये शिरताच ती लागू होते.

हार्डवेअर क्वेरीचं काम उलट्या बाजूने चालतं. डेप्थ बफर तयार झाला की इंजिन प्रत्येक वस्तूचा बाउंडिंग बॉक्स जीपीयूला देऊन विचारतं की याचा एक तरी पिक्सेल समोरच्या भिंतींना चुकवून दिसतोय का. उत्तर सीपीयूकडे यायला वेळ लागतो, आणि त्यासाठी थांबलं तर फ्रेम अडकते. म्हणून ते पुढच्या फ्रेमला वाचलं जातं. आज काय काढायचं हे कालच्या उत्तरावरून ठरतं.

आता मुख्य गोष्ट. या दोन एकाखाली एक धरलेल्या चाळण्या आहेत. बेक आधी चाळतो, आणि त्यातून जे खाली पडतं ते क्वेरी पुन्हा चाळते. दोघींनाही वस्तू फक्त काढून टाकता येते. ‘ही वस्तू दिसायलाच हवी’ असं दुसरीला सांगण्याचा अधिकार कुणालाच नाही. कपाट दिसतं असं बेकने अचूक नोंदवलं, तरी कालच्या फ्रेमची क्वेरी ‘झाकलेलं आहे’ म्हणाली की ते गळणार. म्हणूनच बेक करून क्वेरीचं लुकलुकणं थांबत नाही. आणि बेकने चुकून काढलेल्या खाटा क्वेरीपर्यंत पोहोचतच नाहीत, त्यामुळे क्वेरीशी कितीही खटपट केली तरी त्या परत येत नाहीत.

## आधी दोषी शोधा

काही बदलण्याआधी पाच मिनिटांची तपासणी करा. जिथे वस्तू गायब होते तिथे जा आणि हालचाल पूर्ण थांबवा. उभं राहताच वस्तू परत आली, तर संशय क्वेरीवर. तुम्ही दगडासारखे स्थिर आहात आणि वस्तू तरीही नाही, पण अर्धं पाऊल सरकलात की येते आणि पुन्हा मागे गेलात की जाते, तर तुम्ही बेकच्या दोन सेलच्या सीमेवर उभे आहात.

मग एकेक चाळणी काढून खात्री करा:

```
r.AllowPrecomputedVisibility 0
r.AllowOcclusionQueries 0
stat InitViews
```

पहिली आज्ञा एकटी देऊन पाहा, मग ती `1` वर परत आणून दुसरी. दोन्ही एकदम बंद केल्या तर वस्तू नक्कीच परत येईल, पण कुणामुळे गेली होती ते कळणार नाही. `stat InitViews` मध्ये दोन ओळी वेगवेगळ्या दिसतात: `Statically occluded primitives` म्हणजे बेकने काढलेले आणि `Occluded primitives` म्हणजे क्वेरीने काढलेले. पहिला आकडा शून्य असेल तर बेक चालतच नाहीये. बिल्ड जुना असेल, किंवा कॅमेरा कोणत्याच सेलमध्ये नसेल. `r.ShowPrecomputedVisibilityCells 1` दिलं की सेल डोळ्यांना दिसतात, तेवढ्यावरून बरंच उलगडतं.

## कपाट: क्वेरीचा उशीर मोजून पाहा

आमच्या लेव्हलमध्ये रुग्णालयाचा एक मजला होता. ४० मीटर लांब, २ मीटर रुंद कॉरिडॉर, दोन्ही बाजूंना वॉर्ड, मधल्या भिंती १५ सेंटिमीटरच्या. खेळाडू कॉरिडॉरच्या मधून धावतो, म्हणजे दाराची चौकट त्याच्यापासून बाजूला १ मीटरवर आहे. चौकटीच्या आत आणखी ५ मीटरवर १ मीटर रुंद कपाट.

अनरियलच्या पात्राचा मूळ वेग सेकंदाला ६०० सेंटिमीटर असतो. ६० फ्रेमला प्रत्येक फ्रेममध्ये कॅमेरा १० सेंटिमीटर सरकतो. चौकट १ मीटरवर आणि कपाट तिच्या पलीकडे ५ मीटरवर, म्हणून समरूप त्रिकोणांच्या हिशेबाने कॅमेरा १० सेंटिमीटर सरकला की चौकटीआडून त्या अंतरावर ५० सेंटिमीटरचा नवा पट्टा उघडा पडतो. मागच्या फ्रेमला कपाटाचा बॉक्स पूर्ण झाकलेला होता, या फ्रेमला त्याचा अर्धा भाग दिसायला हवा, पण क्वेरीचं उत्तर मागचंच आहे. ३० फ्रेमला तोच पट्टा १ मीटर होतो, म्हणजे अख्खं कपाट. मोकळ्या मैदानात हा त्रास एवढा जाणवत नाही, कारण आड येणारी वस्तू सहसा दूर असते. घरात चौकट नाकासमोर असते आणि सामान लांब, म्हणून गुणोत्तर आपल्या विरुद्ध जातं.

यातून एक समजूत दुरुस्त होते. नुसती मान वळवल्याने हा दोष होत नाही, कारण डोळा जागच्या जागी असेल तर कोणती वस्तू कशाआड आहे ते वळण्याने बदलत नाही. दोष कॅमेऱ्याची जागा सरकल्याने होतो. खांद्यामागचा कॅमेरा असेल तर तो पात्राभोवती फिरतो, म्हणजे तिथे वळणं हेही सरकणंच.

उपाय म्हणून सगळे `Bounds Scale` वाढवायला सांगतात. तो चालतो, पण हिशेब करून लावावा. कपाटाची अर्धी रुंदी ५० सेंटिमीटर, त्यात ५० ची भर हवी, म्हणजे `2.0`. एवढा फुगलेला बॉक्स भिंतीला टेकलेल्या कपाटाच्या बाबतीत १५ सेंटिमीटरची भिंत ओलांडून शेजारच्या खोलीत शिरतो, आणि मग त्या खोलीतूनही कपाट ‘दिसतं’ असं उत्तर येतं. मी एकदा सगळ्या फर्निचरला हे लावलं आणि झाकलेल्या वस्तूंचा आकडा धाडकन खाली आला. आता फक्त दारासमोर येणाऱ्या, आपला बॉक्स पूर्ण भरणाऱ्या जड वस्तूंना लावतो: कपाट, फ्रिज, फायलींचं रॅक. उभ्या दिव्यासारख्या बारीक वस्तूचा बॉक्स तिच्या आकारापेक्षा मुळातच सैल असतो, तो आधीच दिसायला लागतो आणि तिला ही मदत लागत नाही.

कपाटातल्या बाटल्या ही वेगळीच कटकट होती. कपाट येतं, मग बाटल्या एकेक करून येतात. त्या कपाटाला जोडून `Use Attach Parent Bound` चालू केलं की बाटलीची क्वेरीही कपाटाच्याच बॉक्सने होते आणि सगळं एकदम येतं.

आणखी एक जागा आहे जिथे हा दोष हमखास सापडतो: टेलिपोर्ट. कॅमेऱ्याने मोठी उडी मारली तर अनरियल जुन्या क्वेरी आपणहून टाकून देतं, पण ‘मोठी’ची मर्यादा मूळ सेटिंगमध्ये १०,००० युनिट, म्हणजे १०० मीटर आहे, किंवा ४५ अंशांचं वळण. एका इमारतीतल्या दोन खोल्यांमध्ये १०० मीटर अंतर कुठून असणार? लिफ्टमधून वरच्या मजल्यावर नेलेला खेळाडू त्याच दिशेने बघत असेल तर इंजिनला काही वेगळं घडल्याचं कळतच नाही, आणि पहिली फ्रेम अर्धी रिकामी येते. तिथे स्वतः सांगावं लागतं:

```cpp
PlayerCameraManager->SetGameCameraCutThisFrame();
```

त्या फ्रेमला जुनी उत्तरं वापरली जात नाहीत, म्हणून ती फ्रेम जड जाते. टेंपोरल अँटिअलायझिंगचा इतिहासही पुसला जातो, पण टेलिपोर्टच्या क्षणी ते कुणाला खटकत नाही.

## खाटा: बेकने काढलेलं परत येत नाही

त्या दोन खाटांचं कारण एक बंद दार होतं. मॉडेल ठेवताना दाराची मोबिलिटी `Static` राहून गेली होती. लाइटमासच्या दृष्टीने ती भिंतच. कॉरिडॉरच्या सेलमधून खोली दिसत नाही असं त्याने इमानदारीने लिहून ठेवलं. खेळात स्क्रिप्ट ते दार लपवायची, चौकट मोकळी व्हायची, आतल्या भिंती दुसऱ्या खिडकीतून दिसत असल्याने यादीत होत्या, पण खाटा नव्हत्या. फुटणाऱ्या भिंतींचंही हेच होतं. जे काही खेळात हलणार, लपणार किंवा फुटणार आहे ते बेकच्या वेळी `Movable` असलंच पाहिजे. मग बेक ती चौकट कायम उघडी धरतो आणि आतलं सामान यादीत येतं.

दुसरी चूक सेलच्या आकाराची, आणि तिच्यात काही गायब होत नाही, उलट पुरेसं कापलंच जात नाही. `Visibility Cell Size` मूळचा २०० असतो, म्हणजे दोन मीटरचा चौरस. दीड मीटरच्या बाथरूममध्ये असा सेल भिंतीच्या दोन्ही बाजूंना पसरतो, आणि त्याच्या यादीत दोन्हीकडचं सामान येतं. आकार १०० केला की फरक दिसतो. मेमरीची भीती इथे अनाठायी आहे. ३० × २० मीटरच्या मजल्यावर २०० ला साधारण १५० सेल होतात, १०० ला ६००. तीन हजार मेशसाठी मेशमागे एक बिट धरला तर एका सेलला ३७५ बाइट, म्हणजे दाबण्याआधीही सगळं मिळून सव्वादोन लाख बाइट. खरी किंमत बिल्डच्या वेळेत आहे. प्रत्येक वेळी एखादी भिंत सरकवली की पुन्हा बिल्ड, आणि तोपर्यंत जुनी यादी खोटी.

तिसरी चूक नमुन्यांमुळे होते. झडपांच्या खिडकीतून किंवा दाराच्या फटीतून पलीकडची छोटी वस्तू दिसत असेल, तर मोजके किरण ती चुकवू शकतात. `Visibility Aggressiveness` सर्वांत सौम्य पातळीवर ठेवा, आणि तरीही एखादी वस्तू हट्टाने जात असेल तर जिथून ती दिसायला हवी त्या जागेवर `Precomputed Visibility Override Volume` ठेवून ती वस्तू `Override Visible Actors` मध्ये टाका आणि पुन्हा बिल्ड करा. दोनचार ठिकाणी हे ठीक आहे. वीस ठिकाणी करावं लागत असेल तर झडपा हाच चुकीचा अडसर आहे, त्या `Movable` करून मोकळे व्हा.

सेलची उंचीही लक्षात ठेवा. `BaseLightmass.ini` मध्ये `PlayAreaHeight` २२० आहे. शिडीवर चढलेल्या खेळाडूचा कॅमेरा त्याच्या वर गेला की तो सेलच्या बाहेर पडतो, बेक गप्प होतो आणि सगळा भार क्वेरीवर येतो. शिडीवर फ्रेम दर का पडतो याचं उत्तर आम्हाला इथे मिळालं.

## दार बंद, तरी आतलं सगळं काढलं जातंय

हे मात्र बेककडून कधीच सुटणार नाही. हलतं दार बेकला दिसतच नाही, म्हणून त्याच्या लेखी चाळीसच्या चाळीस दारं सताड उघडी आहेत. युनिटीमध्ये बेकबरोबर `Occlusion Portal` मिळतो, दार लावलं की तो बंद करता येतो. अनरियलच्या बेकमध्ये तशी सोय नाही. इथे क्वेरीच कामाची, कारण बंद दार डेप्थ बफरमध्ये असतं आणि मागचं सगळं पुढच्या फ्रेमपासून झाकतं.

झाकलं जात नसेल तर मी तीन गोष्टी बघतो. काचेचं किंवा पारदर्शक मटेरियलचं दार डेप्थ लिहीत नाही, त्यामुळे दुधी काच डोळ्याला आरपार दिसत नसली तरी क्वेरीला ती मोकळी हवाच. तिच्यामागे दाराच्या मापाचा एक अपारदर्शक पत्रा आतल्या बाजूने लावला की प्रश्न मिटतो. दुसरी गोष्ट इन्स्टन्सिंगची. मजल्यावरच्या सगळ्या खुर्च्या एकाच `InstancedStaticMesh` मध्ये असतील तर बॉक्सही एकच आणि मजल्याएवढा, तो कुठून ना कुठून दिसणारच. खोलीगणिक वेगळा कंपोनंट करा.

तिसरी गोष्ट शोधायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. उचलता येणाऱ्या वस्तूंभोवती चमकती कड दाखवण्यासाठी आम्ही `Render CustomDepth Pass` कायम चालू ठेवला होता. हा पास चालू असलेल्या मेशला अनरियल क्वेरीने झाकत नाही, कारण भिंतीआडूनही कड काढायची असू शकते असं ते गृहीत धरतं. औषधांच्या शेकडो बाटल्या बंद दारामागे दर फ्रेमला काढल्या जात होत्या. वस्तूवर नजर पडली की पास चालू आणि नजर हटली की बंद, एवढा बदल पुरला.

## आम्ही शेवटी काय ठेवलं

दोन्ही चाळण्या. कॉरिडॉर, जिना आणि कधीही न हलणाऱ्या भिंती यांचं काम बेक करतो आणि सामान क्वेरीपर्यंत पोहोचण्याआधीच बाजूला काढून क्वेरींची संख्या निम्म्यावर आणतो. दारांचं काम क्वेरीचं. ज्या लेव्हलमध्ये बंद होणारी दारंच नाहीत, नुसत्या कमानी आहेत, तिथे मात्र क्वेरी बंद करून फक्त बेक ठेवला. तिथे लुकलुकणं उरलंच नाही, आणि क्वेरीविना काही गमावलंही नाही.

दार उघडतानाच्या उशिराची चिंता करू नका. ९० सेंटिमीटरचं झडपेचं दार अर्ध्या सेकंदात ९० अंश उघडलं तर ६० फ्रेमच्या हिशेबाने दर फ्रेमला ३ अंश, म्हणजे पहिल्या फ्रेमला फट जेमतेम पावणेपाच सेंटिमीटर. तेवढ्या फटीत एका फ्रेमची उणीव डोळ्याला पकडता येत नाही. लाथ मारून एका फटक्यात फुटणारं दार मात्र धोक्याचं, कारण तिथे पूर्ण चौकट एकदम मोकळी होते. आम्ही तुकडे उडवायला सुरुवात झाल्यावर धुळीचा लोट चौकट झाकेपर्यंत मूळ मेश ठेवतो, मग तो लपवतो, आणि धूळ विरायच्या आत क्वेरीचं नवं उत्तर आलेलं असतं.

दुरुस्तीनंतर तपासताना वेगवान मशीनवर ६० फ्रेमला खेळून समाधान मानू नका. `t.MaxFPS 15` द्या आणि तोच कॉरिडॉर धावत पार करा. आता कॅमेरा दर फ्रेमला ४० सेंटिमीटर सरकतो, कपाटाच्या अंतरावर दोन मीटरचा पट्टा एकदम उघडतो, आणि जी वस्तू उशिरा येते ती एका फ्रेमपुरती, म्हणजे ६७ मिलिसेकंद गैरहजर राहते. नुसत्या डोळ्यांनी मोजता येते. ज्या दारांसमोर सामान गायब झालं त्यांची नावं लिहून घ्या. आमच्या मजल्यावर चाळीसपैकी सात दारं निघाली, आणि `Bounds Scale` फक्त त्या सातांसमोरच्या सामानालाच लावला.